अनुभव धागा: अंगावरची चक्रे, आणि ते पित्त नव्हते हे कसे कळले

वळीव (धागाकर्ती)

एखाद्या संसर्गानंतर किंवा औषधानंतर अंगावर नेमबाजीच्या लक्ष्यफलकासारखी चक्रे उठल्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांनी तो येथे लिहावा, ही विनंती. ते पित्त नाही हे केव्हा आणि कशावरून कळले, हे आवर्जून लिहावे. सुरुवात माझ्यापासून करते.

गेल्या वर्षी मे महिन्यात एका लग्नात दिवसभर उन्हात वावर झाला आणि दोन दिवसांनी ओठाच्या कोपऱ्यावर ताप उतल्यासारखा बारीक, पाणीदार फोडांचा पुंजका आला. तो मला कॉलेजपासून अधूनमधून येतो, त्यामुळे मी लक्ष दिले नाही. फोडांवर खपली धरून ती पडली, आणि त्यानंतर, म्हणजे पहिल्या फोडापासून दहाव्या दिवशी, दोन्ही हातांच्या पंजांच्या मागच्या बाजूला गोल चट्टे दिसले. सासूबाईंनी पित्त म्हणून आमसूल कोळून लावले, औषधाच्या दुकानातून सेटिरिझिन आणली. दोन दिवसांत चट्टे कमी होण्याऐवजी कोपरांवर, गुडघ्यांवर आणि तळहातांवरही आले.

ते शर्टाच्या बटणाएवढे होते. मधोमध काळपट जांभळा ठिपका, त्याभोवती फिकट, किंचित फुगलेले कडे, आणि त्याबाहेर गडद कडे. पुस्तकातल्या चित्रांत हे बाहेरचे कडे लाल दिसते. माझ्या सावळ्या कातडीवर ते वांग्याच्या सालीच्या रंगाचे होते. खाज थोडी होती, आग जास्त होत होती.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी बॉलपेनने तीन चट्ट्यांच्या कडेने रेघ ओढली आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बोलावले. तिन्ही चट्टे जागच्या जागी होते. एक तर रेघेबाहेर थोडा पसरला होता. तेव्हा त्यांनी विचारले, “गेल्या दोन-तीन आठवड्यांत ओठावर काही उठले होते का?” मी ते विसरूनही गेले होते. निदान इरिथेमा मल्टिफॉर्मचे झाले. तीन आठवड्यांत चट्टे मावळले, डाग मात्र गणपतीपर्यंत राहिले.

दगडी चाळ

आमच्या वडिलांना कमरेवर नागीण झाली होती, तीसुद्धा हर्पिसच असते. महिनाभर आग होत होती, पण असली चक्रे आली नव्हती. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळू देऊ नये, एवढे आम्ही पाळले.

वळीव

नागीण वेगळ्या विषाणूची असते, असे मला सांगण्यात आले. माझा प्रश्न ओठावरच्या फोडांनंतर येणाऱ्या चक्रांविषयी आहे. तरी वडिलांना आता बरे असेल, अशी आशा आहे.

रानमेवा

ओळखण्याची खूण सोपी आहे: गोल चट्टा, मध्ये वेगळा रंग आणि भोवती कडे असले की इरिथेमा मल्टिफॉर्म, नसले की पित्त. आणि कारण जवळजवळ नेहमी औषधच असते. माझ्या पत्नीला खोकल्यासाठी अमॉक्सिसिलिन दिले आणि दुसऱ्याच दिवशी हातांवर चक्रे उठली. ते औषध आता आमच्या घरातून कायमचे हद्दपार आहे.

दुपारची झोप

नुसत्या आकारावर विसंबू नये, असे माझ्या अनुभवावरून वाटते. माझा मुलगा दीड वर्षाचा असताना सर्दी-तापानंतर त्याच्या पोटावर आणि मांड्यांवर मोठमोठी कडी उठली, काहींचा मध्य निळसर होता. मी छायाचित्रे पाहून इरिथेमा मल्टिफॉर्म ठरवूनही टाकले होते आणि रात्रभर रडत होते. बालरोगतज्ज्ञांनी सकाळची आणि संध्याकाळची छायाचित्रे शेजारी ठेवायला सांगितली. सकाळी मांडीवर असलेले कडे संध्याकाळी नाहीसे झाले होते आणि पाठीवर नवे आले होते. पावले आणि पापण्याही सुजल्या होत्या. ते पित्तच होते, लहान मुलांत असे कडेदार पित्त उठते म्हणे. अॅलर्जीच्या औषधाने चार दिवसांत ते थांबले आणि डाग एकही राहिला नाही.

कातडीचा वैद्य

मी त्वचारोगाची प्रॅक्टिस करतो. वरच्या बाईंच्या बाळाचा अनुभव या धाग्यात सर्वांत उपयोगाचा आहे, कारण फरक आकारात नसून आत काय घडते त्यात आहे. पित्तात हिस्टामिनमुळे रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपते आणि कातडी फुगते. पेशीला इजा होत नाही. पाणी शोषले गेले की गांधी जाते, म्हणून एकेक गांधी बहुधा 24 तासांच्या आत मावळते, जरी नव्या उठत राहिल्यामुळे आजार आठवडाभर चालल्यासारखा दिसतो. इरिथेमा मल्टिफॉर्ममध्ये विषाणूचे अवशेष कातडीत पोहोचतात आणि शरीराच्या संरक्षक पेशी तिथल्या वरच्या थरातील पेशींना मारतात. चक्राच्या मध्यावरचा काळपट ठिपका म्हणजे तीच मेलेली कातडी. ती एका दिवसात नाहीशी होऊ शकत नाही. म्हणून चट्टा निदान आठवडाभर जागा सोडत नाही, आणि अॅलर्जीची गोळी फार तर खाज कमी करते.

पेनच्या रेघेलाही मर्यादा आहे. रक्तवाहिन्यांच्या दाहामुळे होणारे एक प्रकारचे पित्त 24 तासांहून अधिक टिकते, दुखते आणि मुका मार लागल्यासारखा डाग ठेवते. तिथे कातडीचा तुकडा तपासावा लागतो.

रानमेवा, आपले म्हणणे अर्धे बरोबर आहे. औषधाने हा आजार होतो, पण बहुतेक वेळा कारण संसर्ग असतो: मोठ्यांत ओठावरचा हर्पिस, आणि मुलांत व तरुणांत मायकोप्लाझ्मा, ज्याच्यामुळे आधी खोकला येतो. खोकला आला म्हणून औषध दिले, मग चक्रे उठली, आणि दोष औषधावर गेला, असे मी अनेकदा पाहतो. औषधाची खरी भीती वेगळ्या चित्रात असते. चट्टे छाती-पाठीवर, सपाट, काळपट, ताप, कातडी नुसत्या स्पर्शाने दुखते, तोंड सोलवटते, डोळे लाल होतात, फोड येऊन कातडी निघू लागते. हा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम असू शकतो. फिट्सची काही औषधे, सल्फा आणि युरिक अॅसिडवरचे अॅलोप्युरिनॉल ही त्यातली ओळखीची नावे. तिथे रेघ ओढून उद्याची वाट पाहत बसू नये; संशयित औषध बंद करून त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे.

वळीव

मला या वर्षी आणखी तीनदा हेच झाले, दर वेळी ओठानंतर. चक्रे उठल्यावर असायक्लोव्हिर घेऊन काहीही फरक पडला नाही. शेवटी सहा महिने रोज दोनदा 400 मिलिग्रॅम दिले, आणि त्या काळात ना ओठावर काही आले ना हातांवर. औषध थांबवून सात आठवडे झाले आहेत आणि कालपासून ओठाचा कोपरा पुन्हा चुरचुरतो आहे. आता लगेच सुरू करावे का?

कातडीचा वैद्य

चुरचुरणे हीच ती वेळ आहे. चक्रे उठल्यावर या औषधाला करण्यासारखे फारसे उरत नाही. पण लगेच घेतल्याने पुढची चक्रे टळतीलच, अशी खात्री नाही. पुन्हा दीर्घकाळ द्यायचे की नाही, हे मूत्रपिंडाची तपासणी पाहून आपल्या डॉक्टरांनी ठरवावे. आजच फोन करा.

रानमेवा

मग अमॉक्सिसिलिन पुन्हा देता येईल का? पत्नीला तोंडात काही झाले नव्हते, चट्टे दहा-बारा दिवस राहिले.

कातडीचा वैद्य

आपल्या मनाने देऊन पाहू नका. तारखा कळल्या तर अंदाज बांधता येईल: खोकला कधी सुरू झाला, पहिली कॅप्सूल कधी घेतली, पहिला चट्टा कधी दिसला, आणि हे औषध पूर्वी कधी घेतले होते का. पहिल्यांदाच घेतलेल्या औषधाची अशी प्रतिक्रिया दुसऱ्या दिवशी येणे कमी संभवते; तिला बहुधा काही दिवस लागतात.

रानमेवा

औषधाचे बिल सापडले, त्यावर 14 तारीख आहे, आणि चट्ट्यांचे छायाचित्र 15 च्या रात्रीचे आहे. खोकला त्याआधी आठवडाभर होता, असे पत्नी म्हणते. मला तो दोनच दिवसांचा आठवतो. अमॉक्सिसिलिन तिने लहानपणी घेतले होते का, हे तिच्या आईला विचारतो आहोत.