मदत हवी आहे: बँकेच्या 'सुधारित सेवाशुल्क' सूचनेत आमच्यासाठी नेमके काय बदलले आहे?

त्रैमासिक (धागाकर्ता)

वडिलांच्या बचत खात्याच्या बँकेकडून सेवाशुल्कातील बदलांची दोन पानी सूचना आली आहे. मी ती तीनदा वाचली, तरी त्यातून आमचा खर्च वाढणार की कमी होणार हे मला ठरवता आलेले नाही. सूचनेचा मथळा 'ग्राहकांच्या सोयीसाठी शुल्करचनेचे सुलभीकरण' असा आहे. आमच्याशी संबंध असावा असे वाटणारी कलमे शब्दशः देतो.

'किमान सरासरी शिल्लक रु. 5,000 कायम राहील. तथापि तिची गणना तिमाहीऐवजी मासिक करण्यात येईल.'

'शिल्लक न राखल्यास आकारणी: तुटीच्या 6 टक्के, कमाल रु. 250 प्रतिमास, कर स्वतंत्र.'

'शाखेतील मोफत रोख व्यवहार: दरमहा 5 (जमा व काढणे मिळून). त्यापुढील प्रत्येक व्यवहारास रु. 50.'

सूचनेत जुने दर कोठेही छापलेले नाहीत. खाते उघडताना मिळालेले शुल्कपत्रक कपाटात सापडले. त्यानुसार शिल्लक कमी पडल्यास तिमाहीला सरसकट 300 रुपये आकारले जात होते आणि महिन्याला 4 वेळा पैसे काढणे मोफत होते. भरण्यावर कसलेही बंधन नव्हते. वडिलांची मुदत ठेव आहे आणि तिचे व्याज दर तिमाहीच्या पहिल्या महिन्यात आरंभीच याच खात्यात एकरकमी जमा होते. पुढील दोन महिने ते त्यावरच खर्च भागवतात. आजवर शिल्लक कमी पडल्याचे शुल्क एकदाही कापले गेलेले नाही. जाणकारांनी ही सूचना कशी वाचावी ते सांगावे.

काठावरचा

माझ्या मते काळजी करण्यासारखे यात काही नाही. राखायची रक्कम 5,000 होती, ती 5,000 च आहे. पूर्वी दहा रुपये कमी पडले तरी 300 जात असत, आता तुटीच्या प्रमाणात जातील, आणि मोफत व्यवहार 4 चे 5 झाले. मला तर हा बदल ग्राहकाच्या बाजूचा वाटतो. माझ्या खात्यात सरासरी 4,500 च्या आसपास असते आणि दर तिमाहीला 300 जात होते. नव्या दराने महिन्याला 30, म्हणजे तिमाहीला 90 जातील.

खतावणी

काठावरचा यांनी स्वतःच्या खात्यापुरते गणित बरोबर मांडले आहे, परंतु ते त्यांच्यासाठी खरे आहे म्हणून धागाकर्त्यांसाठी खरे ठरत नाही. मी बरीच वर्षे शाखेत खिडकीच्या आतल्या बाजूला काढली आहेत. अनुभव असा की अशा सूचनेत लोक आधी आकड्यांकडे पाहतात आणि बदल मात्र बहुधा आकड्याशेजारच्या शब्दात असतो. येथे तो 'तिमाहीऐवजी मासिक' या दोन शब्दांत आहे.

सरासरी शिल्लक म्हणजे रोज दिवसअखेरीस खात्यात असलेल्या रकमांची बेरीज भागिले दिवस. तीस दिवसांच्या महिन्यात 5,000 ची सरासरी हवी असेल तर ही बेरीज 1,50,000 व्हावी लागते. मग तुम्ही तीस दिवस 5,000 ठेवा किंवा तीनच दिवस 50,000 ठेवा, बँकेच्या लेखी दोन्ही सारखेच. तिमाही पद्धतीत हीच बेरीज नव्वद दिवसांची, म्हणजे 4,50,000 लागत असे, आणि तिमाहीच्या आरंभी आलेली मोठी रक्कम पुढच्या दोन कोरड्या महिन्यांनाही सांभाळून नेत असे. तुमच्या वडिलांचे शुल्क कधी कापले गेले नाही त्याचे कारण बहुधा हेच आहे. पासबुकावरून गेल्या तिमाहीतील प्रत्येक महिन्याची सरासरी वेगवेगळी काढून येथे द्या. महिन्याची पहिली आणि शेवटची शिल्लक मिळवून दोनाने भागू नका, त्याने चुकीचे उत्तर येते.

नवाकोरा

मलाही असाच कागद आला आहे, पण माझ्या कार्डाचे वार्षिक शुल्क वाढले आहे. वर्षभरात ठरावीक खर्च केला तर ते माफ होते म्हणतात. तेव्हा तुम्ही कार्डावर जास्त खर्च करून पाहिला तर?

खतावणी

नवाकोरा, तो वेगळा विषय आहे. कार्डावरील खर्चाने बचत खात्याची सरासरी शिल्लक वाढत नाही. डेबिट कार्ड असेल तर उलट कमीच होते.

त्रैमासिक

रविवारची सकाळ घालवून दिवसवार शिल्लक मांडली. प्रत्येक महिना तीस दिवसांचा धरून पहिल्या महिन्याची सरासरी सुमारे 12,000, दुसऱ्याची 4,000 आणि तिसऱ्याची 2,000 येते. तिन्हींची मिळून 6,000 होते, म्हणजे जुन्या नियमाने आम्ही सुखरूप होतो. नव्या नियमाने पहिल्या महिन्यात काही नाही, दुसऱ्या महिन्यात 1,000 च्या तुटीवर 60 आणि तिसऱ्या महिन्यात 3,000 च्या तुटीवर 180 लागतील. म्हणजे शून्याचे तिमाहीला 240 आणि वर्षाला 960 झाले, शिवाय कर. 'कायम राहील' या शब्दांवर मी अगदी विसंबून होतो.

हिशेबी मावशी

यावर उपाय सोपा आहे. मुदत ठेवीचे व्याज तिमाहीऐवजी दरमहा घ्यायला सांगा. आमच्याकडे तसेच आहे. पैसे दर महिन्याला येत राहिले की तिन्ही महिन्यांची सरासरी आपोआप सारखी होईल आणि प्रश्न मिटेल.

खतावणी

मावशी, हा उपाय पहिल्यांदा ऐकताना पटतो, म्हणून मुद्दाम थांबून लिहितो. खर्च आहे तसाच राहणार असेल, तर तिसऱ्या महिन्याचा हप्ता जमा होईपर्यंत खात्यात एकूण तेवढेच पैसे आलेले असतात आणि तेवढेच गेलेले असतात. त्यामुळे तिसऱ्या महिन्याची शिल्लक होती तेथेच, 2,000 वर राहील. दुसऱ्या महिन्यात तर शिल्लक आजच्यापेक्षा कमी होईल, कारण आज आधीच हातात असलेला तिसरा हप्ता तोवर आलेलाच नसेल. म्हणजे सरासऱ्या सारख्या होतील खऱ्या, पण खाली ओढून. त्यात मासिक व्याज बहुधा किंचित कमी दराने मिळते, ते नुकसान वेगळेच. ज्यांचा खर्च हातात पैसे दिसले की वाढतो, त्यांना मासिक हप्त्याचा उपयोग होऊ शकेल. पण तो स्वभावावरचा उपाय झाला.

तुमच्या आकड्यांवर चालेल असा उपाय म्हणजे खात्यात कायमचे 3,000 जास्त ठेवणे. मग तिसऱ्या महिन्याची सरासरी 5,000 आणि दुसऱ्याची 7,000 होईल. अगदी काठावर राहू नये म्हणून 3,500 ठेवा, कारण एखादे देयक दोन दिवस आधी गेले तरी सरासरी हलते. ही रक्कम ठेवीत असती तर वर्षाकाठी जे जादा व्याज मिळाले असते, ते वाचणाऱ्या 960 रुपयांपुढे किरकोळ आहे.

काठावरचा यांनाही एक सांगतो. तुमचा फायदा तूट लहान आहे तोवरच आहे. दर महिन्याला सुमारे 1,667 पेक्षा जास्त तूट पडू लागली की महिन्याचे शुल्क 100 च्या पुढे जाते आणि तिमाहीचे जुन्या 300 पेक्षा जास्त होते. खाते जवळजवळ रिकामे असेल तर कमाल मर्यादेने महिन्याला 250, म्हणजे तिमाहीला 750 पडतील. 'कमाल' हा शब्द वाचताना त्यापुढचे 'प्रतिमास' सुटू देऊ नका.

काठावरचा

मान्य आहे. ते 250 मी तिमाहीचे समजून जुन्या 300 शी ताडून पाहत होतो. पण मोफत व्यवहार तर वाढले आहेत ना?

खतावणी

तेथेही शेजारचा कंस पाहा. पूर्वी 4 ही मर्यादा फक्त पैसे काढण्याला होती, आता 5 मध्ये भरणेही मोजले जाईल. केवळ पैसे काढणाऱ्याला एक व्यवहार जास्त मिळाला, पण भरणाही करणाऱ्याला नक्की काय मिळाले ते त्याच्या पासबुकावरच कळेल. त्रैमासिक, वडील शाखेत रोख भरतात का?

त्रैमासिक

भरतात. ते घरी शिकवण्या घेतात आणि फी रोखीने येते. आठवड्याला एकदा भरणा करतात, म्हणजे महिन्यात 4 वेळा, आणि 2 वेळा पैसे काढतात. एकूण 6 झाले, त्यातल्या एकाला 50 पडतील. भरणा पंधरवड्याला केला तर 4 वरच भागेल. त्यांना तेवढी सवय बदलावी लागेल, आणि घरात रोकड ठेवायला ते नाराज असतात, ही अडचण आहे खरी.

तळटीप

सूचना कधीपासून लागू आहे ते कोणीच विचारलेले नाही. बहुतेक सूचनांत हा मजकूर शेवटी बारीक अक्षरांत असतो. शिवाय दर सर्व बचत खात्यांना आहेत की विशिष्ट प्रकारच्या खात्यांनाच, हेही पाहा. ज्येष्ठ नागरिकांचे खाते किंवा किमान शिल्लक न लागणारे मूलभूत खाते असेल, तर पहिली दोन कलमे तुम्हाला कदाचित लागूच होणार नाहीत. पासबुकाच्या पहिल्या पानावर खात्याचा प्रकार छापलेला असतो.

त्रैमासिक

खाते साधे बचत खातेच आहे, त्यामुळे सूट नाही. लागू होण्याची तारीख दुसऱ्या पानाच्या तळाशी सापडली: 'पुढील महिन्याच्या 1 तारखेपासून.' घोटाळा असा की तो चालू तिमाहीचा दुसरा महिना आहे.

तळटीप

मग प्रश्न आहेच. चालू तिमाही जुन्या नियमाने पूर्ण करणार असतील तर तुमच्या पहिल्या महिन्याचे 12,000 पुढील दोन महिन्यांना अजून सांभाळतील. ती मध्येच तोडून दुसरा महिना स्वतंत्र मोजणार असतील, तर हेच 240 रुपये याच तिमाहीत कापले जातील. दिलेल्या मजकुरातून दोन्ही अर्थ निघतात.

खतावणी

माझा अंदाज असा की प्रणालीत नियम बदलतात तो तिमाहीच्या शेवटी, पण हा अंदाजच आहे, त्यावर पैसे सोडू नका. तोंडी उत्तर घेऊ नका. सूचनेचा दिनांक आणि कलम नमूद करून लेखी विचारा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. पुढे शुल्क कापले गेले आणि ते परत मागावे लागले, तर हाच कागद उपयोगी पडेल.

त्रैमासिक

आज शाखेत जाऊन आलो. तेथील अधिकाऱ्यांचे म्हणणे 'ते सर्व प्रणाली आपोआप करते' एवढेच होते, प्रणाली काय करणार आहे हे त्यांनाही सांगता आले नाही. अर्ज दिला आहे आणि शिक्का मारलेली प्रत घेतली आहे. उत्तर येईपर्यंत 3,500 रुपये खात्यात भरून ठेवले. भरणा माझ्या खात्यातून वर्ग करून केला, म्हणजे रोख व्यवहारांत तो मोजला जाणार नाही. उत्तर आले की येथे लिहीन.