टाचांच्या भेगा: एक टाच भरली, दुसरी का नाही? (अनुभव धागा)

कणीक_तिंबणारी

माझं पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे पाचपासून बारापर्यंत ओट्याशी उभी. पायाखाली शहाबादी फरशी, आणि स्वयंपाकघरात चप्पल घालायची नाही ही आईची शिकवण, त्यामुळे अनवाणी. मागच्या दिवाळीच्या आधी टाचा अशा झाल्या की रात्री चादरीचे धागे भेगांत अडकायचे. डाव्या टाचेच्या मागच्या कडेची एक भेग तर इतकी खोल, की सकाळी फरशीवर लाल टिपके दिसायचे आणि मला वाटायचं कुंकू सांडलं.

भेगा कडेलाच का पडतात हे मला माझ्याच धंद्यातून कळलं. कणीक कोरडी भिजली की पोळी लाटताना मधे काही होत नाही, कडा चिरतात. टाचेचंही तसंच. उभं राहिलं की वजनाने टाचेची गादी बाजूला पसरते. कातडी मऊ असेल तर ताणली जाते, जाड आणि कोरडी असेल तर कडेला फाटते. मागून उघडी चप्पल किंवा अनवाणी पाय म्हणजे त्या पसरणाऱ्या टाचेला धरून ठेवायला काहीच नाही. शिवाय तळपायाच्या कातडीत तेलाच्या ग्रंथी नसतात, नुसता घाम येतो. म्हणजे तिथे तेल बाहेरूनच लावायला हवं.

मी काय केलं ते सांगते. पहिले पाच दिवस फक्त व्हॅसलीन. भेगेचे दोन्ही काठ जवळ ओढून वरून कागदी चिकटपट्टी. उघड्या भेगेवर युरियाचं क्रीम लावलं की डोळ्यांतून पाणी येतं, म्हणून आधी तोंड मिटू दिलं. मग रोज रात्री दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय, पुसून ओलसर असतानाच २५ टक्के युरियाचं क्रीम, वर जुने सुती मोजे. आठवड्यातून दोनदाच वजरी, तीही हलक्या हाताने. आणि आईची माफी मागून ओट्याशी मागून बंद असलेले मऊ रबरी बूट.

सहा आठवड्यांत उजवी टाच भरली. डावी नाही. तिथल्या भेगा उथळ झाल्या, पण पूर्ण तळवा रेघारेघांत पीठ भरल्यासारखा पांढरा. चोळलं की झडायचं, दुसऱ्या दिवशी परत. खाज अजिबात नाही. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ब्लेडच्या बोथट बाजूने कोंडा खरवडून कागदावर घेतला आणि तपासायला पाठवला. बुरशी निघाली. क्रीम दिलं आहे, तीन आठवडे झाले, फरक अर्धाच.

तुमचे अनुभव लिहा. कोणाला असं एकाच पायाला झालं होतं का?

सातवी_ब

शिक्षिका, बावीस वर्षं उभं राहून. माझ्या भेगा उन्हाळ्याच्या सुट्टीत आपोआप कमी होतात आणि जुलैपर्यंत परत येतात. हवा मेपेक्षा जुलैत दमट असते, तरी! म्हणजे माझ्या बाबतीत कोरड्या हवेपेक्षा उभं राहणंच जास्त नडतंय असं मी धरलं आहे. दोन तासांच्या मधे पाच मिनिटं बसायला लागले आणि मागे पट्टा असलेल्या सँडल घेतल्या. क्रीम तेच जुनं, साधं.

भिरंडेल

ताई, आमच्याकडे याला एकच औषध, भिरंडेल. घाटावर मिळालं तर कोकमाचं तेल म्हणून मागा, मुटेल म्हणूनही मिळतं. घट्ट पांढरट गोळा असतो. आजी पळीत थोडं वितळवून गरम-गरम (सोसेल इतपत हो) भेगेत सोडायची. ते आत जाऊन थिजतं, मेणाने फट बुजवावी तसं. दोन रात्रींत चालताना होणारी चुणचुण थांबते.

बुरशीचं मात्र पटलं नाही. बुरशी पावसात होते, बोटांच्या बेचक्यात. भातलावणीत आमचे पाय चिखल्यांनी पांढरे फटक पडतात, वास येतो, खाज सुटते. कोरड्या ठणठणीत टाचेत बुरशी कुठून राहणार?

स्लाइडवाली

भिरंडेल, तेलाबद्दल पूर्ण सहमत, भेग बुजवायला उत्तम. बुरशीबद्दल अर्धं बरोबर आहात. चिखल्या हा तिचा एक चेहरा झाला. दुसरा नेमका कोरडा असतो: तळवाभर जाड कातडी, रेषांमध्ये बारीक पांढरा भुसा, आणि तो भुसा पायाच्या कडेने थोडा वर चढून एका रेषेत थांबलेला, पायात सपाता घातल्यासारखा. खाज बहुतेकांना नसते, म्हणून लोक वर्षानुवर्षं 'माझी कातडीच कोरडी' म्हणून सोडून देतात. ती बुरशी कातडीच्या मेलेल्या थरावरच जगते, तळपायाला तो थर भरपूर.

मी लॅबमध्ये असे नमुने रोज बघते. पोटॅशचा थेंब टाकला की कातडी विरघळते आणि बुरशीचे फाटे फुटलेले धागे उरतात. दोन गोष्टी लोकांना कोणी सांगत नाही. एक, तपासणीच्या आधी एखाद-दोन आठवडे बुरशीचं क्रीम लावलेलं असेल तर धागे सापडत नाहीत आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो. दोन, नमुना भेगेतून नको, भुसा जिथे थांबतो त्या कडेचा हवा. एकदा काही निघालं नाही आणि पाय तर तसाच दिसतोय, तर पुन्हा द्यावा.

कणीक_तिंबणारी, दोन प्रश्न. डाव्या पायाची नखं कशी आहेत? आणि हाताचे तळवे उजेडात धरून बघा, दोन्ही सारखे आहेत का?

अर्धी_गोळी

एवढं कशाला? मेडिकलवाल्याकडून 'फंगसची ट्यूब' घ्या, मी घेतली होती. चार दिवसांत पाय लोण्यासारखा. थांबवली की परत यायचं, मग परत लावायची. दीड वर्ष आरामात चाललं आहे.

स्लाइडवाली

दादा, ट्यूबवर नाव वाचा. बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखं काही आहे का?

अर्धी_गोळी

क्लोबेटासोल आहे. आणि अजून तीन नावं.

स्लाइडवाली

ते स्टिरॉइड. लाली आणि जळजळ दाबतं, म्हणून बरं वाटतं. बुरशी खाली वाढत राहते आणि तिचं रूपही बदलतं, मग डॉक्टरांनाही चटकन ओळखू येत नाही. जांघेत किंवा कमरेला चकंदळं आलीत का?

अर्धी_गोळी

…कमरेला आहेत. तो पट्ट्याचा घाम समजत होतो.

पहाटपावलं

मलाही टाचांचा त्रास आहे. सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं टाच टेकवत नाही, नंतर मोकळी होते. भेगा दिसत नाहीत. युरिया लावू का?

सातवी_ब

पहाटपावलं, ते दुखणं वेगळं. आमच्या एका मॅडमना होतं, तळव्याखालची शीर आखडते म्हणाले डॉक्टर. क्रीमने नाही जात, ताणाचे व्यायाम देतात.

बर्फातली_आजी

मी मुलाकडे कॅनडात असते. इथे हिवाळ्यात घरभर गरम हवा सोडतात, घरातली हवा पापडासारखी. पुण्यात कधी भेग माहीत नव्हती, इथे पहिल्याच जानेवारीत पडली. सुनेने खोलीत पाण्याची वाफ सोडणारं यंत्र ठेवलं आणि मी गरम पाण्यात अर्धा तास पाय बुडवून बसायचे ते बंद केलं. गरम पाण्याने कातडीचा उरलासुरला ओलावाही जातो, हे मला सत्तरीत कळलं. माझी टाच बरी आहे. बुरशी-बिरशी काही नव्हतं.

ब्लेड_नको

बाबांना साखर आहे, पंधरा वर्षं. ते दाढीच्या ब्लेडने टाचेची साल काढायचे, 'दुखत नाही' म्हणून अभिमानाने. दुखत नाही हाच तर घोळ होता, पायाची संवेदनाच गेलेली. एकदा खोल गेलं, चार दिवसांनी पाय घोट्यापर्यंत लाल, गरम, थंडी वाजून ताप. आठवडाभर दवाखान्यात शिरेतून औषधं. आता ब्लेड बंद, कोमट पाण्यात पाय घालण्याआधी माझा कोपर बुडवून बघतो, आणि रोज रात्री मी टॉर्च घेऊन त्यांचे तळवे बघतो. साखर असलेल्यांनी घरी काहीही कापू नका.

कणीक_तिंबणारी

आठ दिवसांनी येतेय, लग्नाच्या ऑर्डरी होत्या.

स्लाइडवाली, तुमच्या प्रश्नाने मी हादरले. डाव्या अंगठ्याचं नख पिवळट आणि जाड आहे, मी ते कधीतरी वरवंटा पडला होता त्याच्या माथी मारलं होतं. आणि उजव्या हाताचा तळवा खरंच डाव्यापेक्षा कोरडा, रेषांत पांढरं. मला वाटायचं पीठ आहे! दिवसभर कणकेत हात असतो, कोण बघतंय? रविवारी केंद्र बंद होतं, हात तीनदा धुतले, संध्याकाळी परत पांढरं. पीठ कुठून येणार?

डॉक्टरांनी उजव्या पायाची बेचकीसुद्धा उलगडून बघितली, तिथेही थोडं होतं. म्हणाले, दोन पाय आणि एक हात अशी जोडी नेहमीची आहे, ज्या हाताने पाय खरवडता-चोळता तोच हात. वजरी माझी उजव्या हातात! हाताच्या आणि नखाच्या नमुन्यात बुरशी निघाली. नुसतं क्रीम का अडलं तेही समजलं: टाचेच्या जाड थरातून ते खाली पोचत नव्हतं, आणि नखात साठा तसाच होता. लिव्हरची रक्ततपासणी करून पोटातल्या गोळ्या सुरू केल्या आहेत. युरिया चालूच, म्हणजे थर पातळ राहील. वजरी टाकून दिली. मोजे उकळत्या पाण्यात. नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागेल म्हणाले.

भिरंडेल

ताई, मग आधी भेगा आणि त्यातून बुरशी, का आधी बुरशी आणि तिच्यामुळे भेगा?

कणीक_तिंबणारी

हेच मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तुमच्या बाबतीत आता सांगता येणार नाही. उजवी टाच बेचकीत बुरशी असूनही नुसत्या युरियाने भरली, त्यामुळे मला वाटतं भेगा आधी. यजमानांचं मत उलट आहे, पण त्यांचेही तळवे मी काल उजेडात धरून बघितले आणि आता तेही सोमवारी नमुना द्यायला येणार आहेत.

टोमणेबाज

काकू, एक विचारू? गेल्या महिन्यात तुमच्याकडच्या चाळीस पोळ्या आमच्या वास्तुशांतीला होत्या.

कणीक_तिंबणारी

तवा बघितलायस का माझा? त्या आचेवर काही उरत नाही. तरी हातमोजे घालतेय हो, आणि त्यात पोळी अशी काही वाकडी होतेय की गिऱ्हाइकांनी विचारलं, नवीन बाई ठेवली का.