मदत हवी आहे: तिसरीतला मुलगा वजाबाकीत ठरावीकच चुकतोय, कारण काय लिहू?

छात्रशिक्षिका_कुर्ला
डीएलएडच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सध्या पालिकेच्या मराठी शाळेत छात्रसेवाकाल सुरू आहे. तिसरीतल्या एका मुलाच्या वहीतली गणितं देते:

६५ − २३ = ४२
५८ − २५ = ३३
५२ − २७ = ३५
४३ − १८ = ३५
८१ − ४६ = ४५

पहिली दोन बरोबर, खालची तिन्ही चूक. चुकांच्या विश्लेषणात मी लिहिलंय की तो मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतो, म्हणजे ७ मधून २, ८ मधून ३, असं. मार्गदर्शक मॅडमनी त्यावर रेघ मारून 'निष्काळजीपणा' लिहिलं. टीईटीच्या सराव प्रश्नांतही असाच प्रसंग आलाय. पर्याय आहेत: सरावाचा अभाव, निष्काळजीपणा, मुलाने स्वतः तयार केलेला नियम, विकासाची अवस्था न गाठणे. कोणता धरू? आणि वर्गात नेमकं काय करू?

गणिताचा_पसारा
सरळ पियाजे आहे. मूर्त क्रियात्मक अवस्था साधारण सातव्या वर्षी सुरू होते, पण सगळी मुलं एकदम पोचत नाहीत. या मुलाला उलट क्रिया अजून कळत नाही. चौथा पर्याय. काड्या-मणी द्या, घाई करू नका, सहा महिन्यांनी आपोआप येईल.

सायली_डोंबिवली
माझी मुलगी दुसरीत आहे, ती २५ चं ५२ लिहिते, ६ उलटा काढते. आम्हाला शाळेतून तपासणी करून घ्या म्हणालेत. याचंही तसंच असेल का? समुपदेशकाला दाखवावं असं वाटतं.

निवृत्त_अध्यापक_दादर
सायलीताई, तुमच्या मुलीचा प्रश्न वेगळा आहे, त्यासाठी स्वतंत्र धागा काढा. या मुलाने एकही अंक उलटा लिहिलेला नाही.

कुर्ल्याच्या ताई, परीक्षेत तिसरा पर्यायच धरा. निष्काळजी मुलगा कधी इथे चुकतो, कधी तिथे. हा जिथे दशक सुटा करावा लागतो तिथेच चुकतो, आणि दर वेळी उत्तर बरोबर दहाने जास्त येतं. ब्राउन आणि बर्टन यांनी १९७८ मध्ये वजाबाकीतल्या अशा चुका तपासल्या आणि दाखवून दिलं की पुष्कळ मुलं चुकीचा नियम अगदी काटेकोरपणे पाळत असतात.

मात्र तो नियम कोणता, हे तुम्ही घाईने ठरवलंत. ५२ − २७ पुन्हा पाहा. एककात ७ मधून २ गेले की ५ राहतात. पण मुलाने दशक घेऊन १२ मधून ७ वजा केले, तरीही ५ च. फक्त वरचे ५ दशक ४ करायचे राहिले, म्हणून ३५. ४३ − १८ मध्ये ८ वजा ३ पाच, आणि १३ वजा ८ सुद्धा पाच. ८१ − ४६ मध्येही तेच. तिन्ही गणितांत एककांतला फरक ५ असल्यामुळे दोन वेगळ्या चुका एकाच उत्तरावर येतात. या वहीवरून निदान होणारच नाही.

उद्या ही तीन गणितं द्या:

६२ − २८: मोठ्यातून लहान करत असेल तर ४६, दशक कमी करायला विसरत असेल तर ४४. बरोबर उत्तर ३४.
७१ − ४८: अनुक्रमे ३७ आणि ३३. बरोबर उत्तर २३.
५० − २६: अनुक्रमे ३६ आणि ३४. बरोबर उत्तर २४. शून्य मुद्दाम ठेवलंय.

सोडवताना मध्ये बोलू नका, चूक-बरोबरची खूण करू नका. झाल्यावर एकाच गणितावर बोट ठेवून विचारा, 'हे कसं केलंस, मला सांग.' 'असं का केलंस' म्हणालात की मूल लगेच खोडरबर शोधतं.

गणिताचा_पसारा
सर, पण मूर्त साहित्याशिवाय हे कळणार कसं? पियाजे काही चुकीचा नाही.

निवृत्त_अध्यापक_दादर
साहित्य हवंच, तिथे तुम्ही बरोबर आहात. 'थांबा, आपोआप येईल' हे पटत नाही. अवस्थेची शंका असेल तर दोन मिनिटांत तपासा. दहा काड्यांचा गठ्ठा त्याच्यासमोर सोडा, काड्या बाकावर पसरा आणि विचारा, 'आता काड्या वाढल्या, कमी झाल्या, की तेवढ्याच?' 'तेवढ्याच' म्हणाला आणि कारणही सांगितलं, तर अडचण अवस्थेची नाही, लेखी रीतीची आहे.

ठाणे_टीईटी
मी तर म्हणेन रोज वीस गणितं द्या, पंधरा दिवसांत सुटतो प्रश्न.

निवृत्त_अध्यापक_दादर
चुकीच्या रीतीनेच वीस गणितं झाली तर तीच रीत पक्की होईल. शिवाय निम्मी गणितं बिनहातच्याची असली तर ती बरोबर येतात, आणि आपला नियम चालतो अशी त्याची खात्री वाढते. सराव नंतर.

छात्रशिक्षिका_कुर्ला
सर, आज दिली गणितं. ४४, ३३ आणि ३६. गठ्ठा सोडल्यावर 'तेवढ्याच, तुम्ही फक्त रबर काढलं' म्हणाला. ६२ − २८ ला म्हणाला, '२ मधून ८ जात नाहीत, म्हणून १२ केले, १२ मधून ८ गेले ४, आणि ६ मधून २ गेले ४.' म्हणजे माझं निदान चुकलं? आणि शून्याचं उत्तर वेगळंच आलंय.

निवृत्त_अध्यापक_दादर
सुटं करायचं त्याला माहीत आहे, ते १० कुठून आले याची नोंद तो ठेवत नाही. मॅडमना हीच तीन उत्तरं दाखवा, वाद घालावा लागणार नाही.

आता ६२ साठी सहा गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्या. गठ्ठ्याचं रबर त्यालाच काढू द्या. तुम्ही काढून दिलंत तर तीच पायरी त्याच्या हातून निसटेल, जी वहीत निसटते आहे. रबर निघालं की तिथेच थांबवा आणि विचारा, 'गठ्ठे किती राहिले?' 'पाच' म्हणाला की त्याच क्षणी वहीतल्या ६ वर काट मारून वर ५ लिहायचा, २ च्या जागी १२. मग २८ काढून घेऊ द्या.

पुष्कळ ठिकाणी आधी काड्यांनी अख्खं गणित करतात आणि नंतर वहीत. तिथेच गडबड होते. मूल सहज म्हणतं, 'काड्यांनी ३४, वहीत ४४', आणि त्याला त्यात काही खटकत नाही. म्हणून हाताची एक कृती, वहीत एक खूण, असं जोडीनेच चालू द्या.

दोन-तीन गणितांनंतर काड्या झाकून ठेवा, फक्त 'गठ्ठे किती राहिले?' एवढंच विचारा. मग तेही बंद. टीईटीत व्हायगॉट्स्कीचं झेडपीडी विचारतात ना, ते इथे आहे: एका प्रश्नाच्या आधाराने जमतं, एकट्याने अजून नाही. आधार काढल्यावर पुन्हा ४४ आलं तर काड्या परत काढू नका, आधी तो प्रश्नच विचारून बघा.

घरी किंवा क्लासला कोण शिकवतं तेही विचारा. जुन्या रीतीत वरच्या एककात दहा वाढवून खालच्या दशकात एक मिळवायचे. दोन रीतींचं अर्धं-अर्धं उचललं की नेमकं असंच उत्तर येतं.

५० − २६ वेगळं ठेवा. तिथे तो शून्यातून काही घ्यायचं सोडून ६ तसाच खाली उतरवतोय असं दिसतं, पण एका गणितावरून मी ठाम सांगणार नाही. ४० − १३ आणि ८० − ५७ देऊन पाहा. ३३ आणि ३७ आले तर हा दुसरा नियम समजा.

छात्रशिक्षिका_कुर्ला
संध्याकाळी आजोबा शिकवतात म्हणाला. वर्गात अडतीस मुलं आहेत, प्रत्येकासाठी एवढं कसं जमवायचं?

सायली_डोंबिवली
मी मुलीसाठी वेगळा धागा काढलाय, कुणाला माहीत असेल तर तिथे सांगा.

निवृत्त_अध्यापक_दादर
सगळ्यांशी बोलू नका. तीच तीन गणितं सगळ्यांना एका चिठ्ठीवर द्या आणि उत्तरांवरून ढीग करा: ४६ वाले, ४४ वाले, ३४ वाले, उरलेले. प्रत्येक ढिगातल्या एकाशी बोललात तरी बरंच कळेल. 'उरलेले'मध्ये मात्र एकेकाला विचारावंच लागेल, त्याला माझ्याकडे तरी तोड नाही.