"शाळेत काही घडतच नाही, लिहू काय?" – लेकीच्या पहिल्या रोजनिशीसाठी मदत हवी आहे

कढीलिंब: लेक आठवीत आहे. डायरी तिनेच मागितली, म्हणून तारखा छापलेली जाडजूड आणून दिली. चार दिवसांत गाडी अडली. तिनेच पान दाखवलं: "सहाला उठले. व्हॅन आली. शाळा झाली. क्लासला गेले. मजा आली." म्हणते, उद्याही हेच लिहायचं. वहीत नाक न खुपसता मदत कशी करू?

झेंडू_१२: रोज शुद्धलेखनाची दहा वाक्यं द्या. अक्षर सुधारतं.

कढीलिंब: अक्षर छान आहे हो, प्रश्न तो नाही.

पारावरचा: रोज तीन चांगल्या गोष्टी लिहायला सांगा. आमच्याकडे चाललं.

जुनी_वही: आठवडाभर चालतं, मग "आई, बाबा, जेवण" हेच तीन येत राहतात. शिवाय वाईट दिवस लिहायला जागाच उरत नाही.
मी नववीपासून लिहितेय. तुमच्या लेकीने लिहिलंय ते वेळापत्रक आहे, आणि शेवटचं "मजा आली" निबंधातलं. ते कुणीतरी तपासणार, असं धरून लिहिलेलं असतं. तिला अख्खा दिवस सोडून फक्त पाच मिनिटं निवडू दे. समजा, मधल्या सुट्टीतली. डबा कुणी आधी उघडला, शेजारणीने आज भाजी का दिली नाही, त्यावर ही काय बोलली आणि काय गिळून टाकलं. बोलणं जसंच्या तसं लिहायचं, "अगं", "गप ना" सकट. न बोललेलं वाक्य सापडलं की पान आपोआप पुढे सरकतं.
छापील तारखांची डायरी बाजूला ठेवा. दोन दिवस चुकले की कोरी पानं टोचतात. साधी शंभर पानी वही आणा, तारीख तिची ती घालेल. चार ओळी झाल्या तरी पुरे. आणि यापुढे तिने दाखवलं तरी चुका काढू नका, नाहीतर पुन्हा निबंध सुरू.

पारावरचा: बरोबर आहे. आमचंही दहाव्या दिवशी बंदच पडलं होतं.

माळ्यावरची_पेटी: माझी डायरी भावाने पाहुण्यांसमोर मोठ्याने वाचली होती. त्यानंतर तीस वर्षं लिहिलं नाही. कुलपाची डायरी घ्या.

जुनी_वही: ती कुलपं पिनेने उघडतात. तुम्ही वाचणार नाही, हे आत्ताच तिला सांगा आणि पाळा.

पारावरचा: आणि पोरगी काही गंभीर अडचणीत असेल तर? तेव्हाही वाचायचं नाही?

जुनी_वही: आधी तिलाच विचारायचं. जिवाचीच भीती वाटली तर मीही वाचेन, पण वाचलं हे तिला सांगेन.

पारावरचा: मी तर आधी वाचेन, मग विचारेन. आपलं जमणार नाही.

कढीलिंब: काल वही दिली आणि पाच मिनिटांचं सांगितलं. "व्हॅनमधलं चालेल?" एवढंच विचारलं आणि दार लावून घेतलं. अर्धा तास बाहेर आली नाही. आता प्रश्न धाकट्याचा आहे, दोघांचं कपाट एकच. वही ठेवायची कुठे?