प्रमाणशीर कपात कशी तपासायची

> खोलीचं भाडं दिवसाला फक्त दोन हजारांनी जास्त होतं, मग क्लेममधून पंचेचाळीस हजार कसे कापले?

आरोग्य विम्याच्या पॉलिसीत खोलीच्या भाड्याची मर्यादा असेल तर महागड्या खोलीमुळे डॉक्टरांच्या व्हिजिट, सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर हेही त्याच प्रमाणात कापतात. मात्र औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांवर ही कपात लावता येत नाही, आयसीयूच्या शुल्कावरही नाही. विमा नियामक आयआरडीएआयने २०२० मध्येच हे स्पष्ट केलंय.

माझ्या सासऱ्यांच्या वेळी मर्यादा ५,००० होती, खोली ८,००० ची, मुक्काम चार दिवस. भाडं ३२,०००, सर्जन-थिएटर-व्हिजिट मिळून ८०,०००, औषधं आणि तपासण्या ६०,०००. एकूण १,७२,०००. कंपनीने सरसकट ५/८ लावून १,०७,५०० दिले. खरं तर भाड्याचे २०,०००, सर्जन वगैरेंचे ५०,००० आणि औषध-तपासण्यांचे पूर्ण ६०,००० असे १,३०,००० यायला हवे होते. २२,५०० कमी! फार संताप आला होता.

तुम्ही हॉस्पिटलच्या तपशीलवार बिलातल्या ओळी याच तीन गटांत लावा आणि सेटलमेंट लेटरमधल्या कपातीशी ताडून पाहा. हातमोजे, अॅडमिशन किट यांसारखी न मिळणारी रक्कम आधी बाजूला काढा, नाहीतर हिशोब जुळत नाही. औषधांच्या ओळीपुढे प्रमाणशीर कपात दिसली, की त्या ओळीचा उल्लेख करून कंपनीच्या तक्रार कक्षाला लेखी मेल करा.

आणखी एक: खोलीनुसार सर्जन, थिएटर वगैरेंचे दर बदलत नसतील, तर ही कपात मुळातच लागू होत नाही. हॉस्पिटलकडून तसं पत्र मागून बघा.