समन्स आलंय, निकाल जवळ आला का?

"चार वर्षांपूर्वीच्या मारहाणीचा मी साक्षीदार. आरोप ठेवले गेले, आता मला समन्स. म्हणजे निकाल जवळ आला का?"

नाही, खरा खटला आता सुरू होतोय. आरोपीने गुन्हा नाकबूल केला म्हणून सरकार पक्षाचे साक्षीदार बोलावले जात आहेत. तुम्ही त्यांपैकी एक. आधी सरकारी वकील तुम्हाला प्रश्न विचारतील, तो सरतपास; मग आरोपीचे वकील विचारतील, तो उलटतपास.

उलटतपासात बहुतेक जण अडकतात ते पोलिसांपुढच्या जबाबावर. समजा, जबाबात 'काठीने मारलं' एवढंच आहे आणि कोर्टात तुम्ही 'कोयताही होता' म्हणालात. वकील लगेच विचारतील, हे तेव्हा का सांगितलं नाही? सांगूनही पोलिसांनी लिहिलं नसेल, तर तसंच सांगा. या जबाबावर तुमची सही नसते, त्यामुळे असं होऊ शकतं. आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणा, अंदाजाने मुळीच भरू नका. शेवटी नोंदवलेली साक्ष नीट वाचून किंवा ऐकून, चूक असेल तर तिथेच सांगा.

सरकार पक्षाचे सगळे साक्षीदार झाले की पुराव्यातल्या विरोधी बाबींवर न्यायाधीश आरोपीला प्रश्न विचारतात. मग बचावाचे साक्षीदार, असले तर. त्यानंतर युक्तिवाद, आणि मग निकाल.