मदत हवी आहे: आयसोटॉनिक डेक्स्ट्रोज देऊनही सोडियम का उतरले?

मैत्रेयी: नमस्कार. मी परिचर्या शिकते आहे. अभ्यासाला दिलेल्या प्रकरणात ६० किलो वजनाच्या एका स्त्रीला पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर चोवीस तासांत ५% डेक्स्ट्रोज तीन लिटर दिले गेले. दुसऱ्या दिवशी डोकेदुखी, उलट्या आणि गुंगी सुरू झाली आणि सोडियम १३८ वरून १२७ वर आले. पुस्तकातील तक्त्यात मात्र हे द्रव नॉर्मल सलाईनच्याच रकान्यात, म्हणजे आयसोटॉनिक, असे दिले आहे. मग असे का झाले, आणि आता कोणते द्रव द्यावे?

वसंत: माझ्या वडिलांना मधुमेह असल्यामुळे शस्त्रक्रियेनंतर डेक्स्ट्रोज दिलेच नव्हते. या रुग्णाची साखर वाढली असेल.

मैत्रेयी: साखर १२० होती.

भूल_विभाग: तक्ता बाटलीतल्या द्रवाचे वर्णन करतो. शिरेत गेल्यावर पेशी ग्लुकोज वापरून टाकतात आणि उरते ते निव्वळ पाणी, त्यामुळे शरीराच्या दृष्टीने हे द्रव हायपोटॉनिकच ठरते. तिच्या शरीरात साधारण ३० लिटर पाणी धरा. त्यात तीन लिटरची भर पडली आणि लघवीवाटे काहीच बाहेर गेले नाही, तर १३८ चे सुमारे १२५ होते. एरवी निरोगी मूत्रपिंड हे जादा पाणी सहज टाकून देते. पण वेदना, मळमळ आणि शस्त्रक्रियेचा ताण यांमुळे पाणी रोखणारे संप्रेरक वाढलेले असते. पाणी पेशींत शिरून मेंदूला सूज येते, आणि तिची डोकेदुखी व गुंगी त्याचीच असावी. हेच द्रव पाणी कमी पडून सोडियम वाढलेल्या रुग्णाला उपयोगी पडते.

निखिल: म्हणजे ३% सलाईन देऊन आजच सोडियम १३८ वर आणायला हवे.

भूल_विभाग: द्रव बरोबर, लक्ष्य चुकीचे. गुंगी आहे म्हणून वरिष्ठांच्या देखरेखीखाली ३% सलाईनचे १०० ते १५० मिलीलिटर दहा-वीस मिनिटांत देऊन सोडियम पुन्हा तपासतात. ४ ते ६ ने वाढले की लक्षणे बहुधा ओसरतात. चोवीस तासांत ८ ते १० च्या पुढे जाऊ देत नाहीत, कारण घाईने मेंदूतील मज्जावरणाला इजा होते, आणि ती काही दिवसांनी बोलण्यात अडथळा किंवा हातापायांतील अशक्तपणा म्हणून दिसते. डेक्स्ट्रोज अर्थातच लगेच बंद.

मैत्रेयी: त्यानंतर नॉर्मल सलाईन चालू ठेवले तर सुरक्षित राहील ना?

भूल_विभाग: नेहमीच नाही. लघवी फार संहत असेल, तर मूत्रपिंड दिलेले मीठ बाहेर टाकते आणि पाणी ठेवून घेते, त्यामुळे सोडियम आणखी उतरू शकते. लघवीची ऑस्मोलॅलिटी दिली आहे का?

मैत्रेयी: नाही, फक्त लघवी कमी झाल्याची नोंद आहे.

निखिल: मग रक्तस्रावामुळे लघवी कमी झाली असेल आणि तिला खरोखरच नॉर्मल सलाईनची गरज असेल, हेही शक्य आहे. नाडी आणि रक्तदाब कळल्याशिवाय पुढचे द्रव ठरवता येणार नाही.